नोटरीकडे भाषांतर नेताना मूळ दाखला त्याला टाचायचा की नाही? (नोटरींना पाठवलेला मेल खाली देतेय)

भाषांतरवाली_वाई
नमस्कार वकीलसाहेब, एका क्लायंटचा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला फक्त मराठीत आहे, एकच पान. त्याचं इंग्रजी भाषांतर मी केलंय, दोन पानं झाली. नोकरीसाठी ते नेदरलँड्सला चाललेत आणि तिथे महापालिकेत नोंदणीला हे लागणार आहे. भाषांतर मूळ दाखल्याला जोडूनच तुमच्याकडे आणायचं का, की झेरॉक्स जोडली तरी चालेल? मूळ एकच आहे.

(मेलला अजून उत्तर नाही, म्हणून तुम्हालाच विचारते.)

रोखठोक_नाना
अहो यात विचारायचं काय, मूळालाच जोडायचं, कायदाच आहे तसा. सुटी पानं दिली तर उद्या कोणीही मधलं पान बदलून टाकेल आणि वर शिक्का तुमच्या नोटरीचा.

कोर्टाच्या_पायरीवर
नाना, पान बदलण्याची भीती बरोबर आहे पण कायदा तसा नाहीये. नोटरी कायदा १९५२ च्या कलम ८ मध्ये भाषांतर करणं आणि ते पडताळणं हे नोटरीचं काम म्हणून दिलंय, शिवायचं की टाचायचं ते त्यात नाही. तो भाग त्या त्या वकिलाच्या सवयीवर आणि कागद घेणाऱ्या ऑफिसवर जातो.
ताई, मूळाला पिनसुद्धा लावू नका. त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणूनचं सरकारी प्रमाणन, व्हायचंय ना? आधी मंत्रालयातून राज्याची सही, मग परराष्ट्र खात्याचं स्टिकर, ते बहुतेक पाठीमागे लागतं. तुम्ही आत्ता जोडून दिलात तर एजंट पिन काढणार, स्टिकर लावून परत टाचणार, आणि दोन पानांवर अर्धा अर्धा मारलेला गोल शिक्का पुन्हा जुळत नाही. कोपऱ्यात भोकांच्या दोन जोड्या आणि सरकलेला शिक्का दिसला की खिडकीवरचा माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो, हे उघडलं कोणी?

चहा_अर्धा
माझ्या मेव्हण्याने अमेरिकेला पाठवलं तेव्हा नोटरीच लागली नाही. दाखल्याची कॉपी, भाषांतर आणि भाषांतर करणाऱ्याचं सही केलेलं पत्र की मला दोन्ही भाषा येतात आणि हे बरोबर आहे. उगाच पैसे घालवताय.

कोर्टाच्या_पायरीवर
अमेरिकेच्या इमिग्रेशनला ते चालतं हो, पण ताईंचा क्लायंट अमेरिकेला चाललाय कुठे?

अनुजा_पूर्वी_पुण्यात
मी नेदरलँड्समध्येच आहे, नोंदणी करून झालीये. इंग्रजी चालतं इथे. पण भाषांतर इथल्या शपथबद्ध भाषांतरकाराचं नसेल, भारतातून करून आणलेलं असेल, तर त्या भाषांतरावरही अपोस्टिल लागतं, एकट्या दाखल्यावरचं पुरत नाही. आणि क्रम सांभाळा ताई, आधी दाखल्यावर अपोस्टिल, मग भाषांतर, कारण स्टिकरवरचा मजकूरही भाषांतरात यायला हवा. माझ्या भाषांतरात तो नव्हता, सगळं परत करावं लागलं. तुमची दोन पानं स्टिकरच्या आधीची आहेत ना?

भाषांतरवाली_वाई
हो, आधीची आहेत. बरं झालं वेळेवर कळलं, स्टिकर लागल्यावर नव्याने करते.

कोर्टाच्या_पायरीवर
मग असं करा. स्टिकर लागल्यावर दाखल्याची दोन्ही बाजूंची रंगीत झेरॉक्स काढा, पाठची बाजू विसरू नका. नोटरीसमोर मूळ ठेवा, ते बघून झेरॉक्सवर ट्रू कॉपीचा शिक्का मारतील. त्याच्यामागे भाषांतर आणि शेवटी तुमचं प्रतिज्ञापत्र, की सोबत जोडलेल्या प्रतीचं हे भाषांतर मी केलंय. झेरॉक्सच्या दोन बाजू, भाषांतराची समजा दोन पानं आणि प्रतिज्ञापत्र, म्हणजे पाच. प्रत्येकावर ५ पैकी १, ५ पैकी २ असं लिहा, कोपऱ्यातून दोरा घालून शिवा आणि गोल शिक्का लगतच्या दोन पानांवर मिळून येईल असा मारून घ्या. नानांची भीतीही गेली आणि मूळ क्लायंटच्या फाईलमध्ये सुटं राहिलं. मग या गठ्ठ्यालाही वेगळं अपोस्टिल. ते लागल्यावर दोरा सोडायचा नाही, स्कॅन करताना पानं वळवूनच करायची.

रोखठोक_नाना
आणि तिकडच्या महापालिकेतल्या बाईने म्हटलं की मूळच जोडलेलं हवं, झेरॉक्स नको, तर? आमच्या भाच्याच्या वेळी एका परदेशी ऑफिसने नेमकं तेच केलं होतं.

अनुजा_पूर्वी_पुण्यात
मला तरी मूळ वेगळं आणि भाषांतर वेगळं चाललं, बाईंनी शेजारी ठेवून ताडून बघितलं. पण प्रत्येक महापालिकेत तसंच असेल असं मी छातीठोक सांगणार नाही. क्लायंटला अपॉइंटमेंटच्या आधी मेल टाकून लेखी विचारायला सांगा.

चहा_अर्धा
दाखला लॅमिनेट करून टाका ना, भोकं पडायचा प्रश्नच नाही.

कोर्टाच्या_पायरीवर
लॅमिनेट केला तर त्यावर शिक्का आणि स्टिकर लावणार कुठे, प्लास्टिकवर?

भाषांतरवाली_वाई
वकीलसाहेबांचा रिप्लाय आला आत्ता. एकच ओळ, "ओरिजिनल घेऊन या, बघू." जोडून की सुटं ते काही लिहिलं नाहीये. मी सुटंच नेते.

रोखठोक_नाना
बघा, त्यांनी स्टेपलर हातात घेतला तर मग कोणाचं ऐकणार ते.