अनुभव धागा : मैत्रिणीच्या कंपनीला पहिलं ठाम बिल

ओळखीतल्या कंपनीचं काम केलंत आणि पूर्ण बिल पाठवलंत, असं कुणी आहे का? बिलात काय लिहिलंत आणि पुढे काय झालं, तेही सांगा.

रेघोटी : मी चित्रं काढते. मैत्रिणीच्या कंपनीच्या माहितीपत्रकाची चित्रं केली. दर आणि दोनदा दुरुस्त्या, एवढं ईमेलवर आधीच ठरलं होतं. तिसऱ्यांदा "जरासाच बदल" आला तेव्हा काम थांबवून कळवलं, याचे वेगळे पैसे होतील. तिचं उत्तर आलं, "चालेल, कर."

बिल मी तिच्या नावाने केलं नाही, कंपनीच्या नावाने केलं. क्रमांक घातला, ठरलेलं काम एका ओळीत आणि जादा दुरुस्ती दुसऱ्या ओळीत, तिच्या होकाराच्या तारखेसह. मैत्रीखातर 10 टक्के सूट द्यायची होती. ती दर कमी करून दिली नाही; पूर्ण दर लिहून खाली वजा दाखवली, म्हणजे पुढच्या कामाला तोच दर धरता येतो. "पंधरा दिवसांत" असं न लिहिता थेट तारीख टाकली. हिशेब विभागाला पाठवलं, तिला प्रत ठेवली.

तिचा लगेच फोन. "अगं, मला सांगायचंस ना, मीच दिले असते!" मी म्हटलं, "काम कंपनीचं आहे, पैसे कंपनीनेच द्यावेत." ती जरा गप्प झाली. मला वाईट वाटलं, पण आकडा बदलला नाही.

वाटसरू : मित्राला उसने दिलेले पैसे माझेही अडकलेत. मागायला फार जड जातं.

रेघोटी : वाटसरू, तुमचं दुःख कळतं, पण हे उसने नाहीत, केलेल्या कामाचे आहेत.

चटपटीत : बिलाखाली छापून टाक, उशीर झाला तर दरमहा 2 टक्के व्याज. मग द्यावंच लागतं.

ताळेबंद : नुसतं छापून भागत नाही. ती अट काम सुरू होण्याआधी मान्य झालेली असली, तर मागणीला जोर येतो. मी हिशेब विभागात बरीच वर्षं काढली. तिथे बिल बहुधा वाईट हेतूने अडत नाही. त्यावर खरेदी आदेशाचा क्रमांक नसतो, म्हणून ते बाजूला पडतं. रेघोटी, तो विचारून घेतलास का? आणि जादा दुरुस्तीचं बिल वेगळं करायला हवं होतंस. एका ओळीवर शंका आली की अख्खं बिल थांबतं.

रेघोटी : क्रमांक त्यांनी मागितला, मैत्रिणीनेच काढून दिला. शंकाही त्याच ओळीवर आली. "बाकीची रक्कम तारखेला द्या, या ओळीचं सोबतच्या ईमेलवरून बघा," असं कळवलं. बाकीचे जमा झाले, दुरुस्तीचे अजून नाहीत. पण बिल वेगळं केलं असतं तर ते छोटं बिल कुणी उघडलं तरी असतं का?

ताळेबंद : छोटी बिलं मागे राहतात, हे खरं. तरी मी वेगळंच करेन.