राग उशीवर काढून निघत नाही

«मुलगा पंधरा वर्षांचा आहे. चिडला की उशीवर बुक्क्या मारायला सांगते, म्हणजे राग बाहेर पडेल. योग्य आहे का?»

ताई, उशी बंद करा. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात, राग आणणाऱ्या माणसाचा विचार करत बॅगवर ठोसे मारणारे विद्यार्थी नुसते शांत बसलेल्यांपेक्षा जास्त चिडलेले राहिले. बुक्क्या मारताना मन तोच प्रसंग घोळवत राहतं.

माझा भाचा फोन काढून घेतला की दार आपटायचा. एका निवांत रविवारी त्यानं स्वतःच एक वाक्य लिहिलं: ‘आईनं फोन मागितला, तर मी फोन टेबलावर ठेवून गच्चीत जाईन, दहा वेळा सावकाश श्वास सोडेन आणि परत येऊन बोलेन.’ वाक्य त्याचं असायला हवं, आणि भांडण नसताना ठरलेलं. ऐन रागात सुचत नाही.

पहिले काही दिवस तो गच्चीत जायचा, पण परत येऊन बोलायचाच नाही. तो अबोला म्हणजे रागाचंच दुसरं रूप. माझ्या मते खरी नैतिक कसोटी परत येण्यातच आहे: ‘ओरडलो ते चुकलं, पण फोन न विचारता घेतलास ते मला आवडलं नाही,’ हे दोन्ही सांगता येणं. राग त्याला अजूनही येतो. पण पूर्वी दोन दिवस चालणारा अबोला आता जेवणापर्यंत संपतो.