मदत हवी आहे: वय ३४, घटस्फोटित, सांगलीत राहते. कुठलं ॲप धरू?

नमस्कार मंडळी. मी विश्रामबागला राहते, मिरजेत नोकरी. पुन्हा लग्न करायचंय, दोन वर्षांच्या आत. पण आधी चार-सहा महिने माणूस ओळखायचाय.

स्वाइपवालं ॲप महिनाभर वापरलं. अंतर ३० किलोमीटर ठेवलं तर मिरज, जयसिंगपूर धरूनही तिसऱ्या दिवशी प्रोफाइल संपले, आणि त्यात आमच्या ऑफिसातले दोघे दिसले! अंतर वाढवलं की कोल्हापूरची मुलं येतात, पण 'बघू, कसं जमतंय' यापुढे कुणी सरकत नाही.

विवाहाच्या साइटवर दादाने प्रोफाइल टाकलं. तिथे हेतूबद्दल शंका नाही, स्थळं भरपूर. पण पहिला फोन मुलाच्या मावशीचा. पत्रिका, पगार, 'मूल नाही ना?' आणि लगेच 'रविवारी येऊ का?' ज्याच्याशी संसार करायचा त्याचा आवाजही ऐकलेला नसतो.

तिसरा प्रकार म्हणजे प्रश्नोत्तरांवरून जुळवणारी ॲप्स, ओकेक्युपिडसारखी. मूल हवं का, आईवडील सोबत राहतील का, हे आधीच कळतं. मला हेच पटतंय. अडचण एवढीच की बहुतेक माणसं पुण्या-मुंबईची.

तर विचारायचं असं: विवाहाच्या साइटवर प्रोफाइल स्वतःच्या नंबरने चालवून हेच प्रश्न पहिल्या फोनवर विचारले, तर समोरचे बिचकतात का? की पुण्यापर्यंत अंतर वाढवून तिसरंच धरू? तिशीनंतर दुसरं लग्न जमवलेल्यांनी जरूर सांगा. इनबॉक्समध्ये स्थळं मात्र नकोत, प्लीज.