लेकीच्या चिठ्ठीची शेवटची ओळ सुचवा

लेक एम.एस्सी.साठी नाशिकहून नागपूरला निघालीय. नाशिकरोडला गाडी सुटली की वाचेल, अशी चिठ्ठी चिवड्याच्या डब्यात ठेवायची आहे. पहिला मसुदा नुसता उपदेश झाला, दुसऱ्यानं तिच्या आईचे डोळे भरले. आता एवढं जमलंय:

"सोनू, तुझी सायकल दर रविवारी गंगेवर फिरवून आणीन, चाकं आखडायला नकोत. पैसे कमी पडले तर कारण न सांगता माग. पेपर अवघड गेला तरी फोन कर, मार्क विचारणार नाही."

ती मोजकं बोलणारी आहे, त्यामुळे एकच ओळ वाढवायचीय. 'काळजी घे' तर सगळेच म्हणतील. 'लवकर ये' लिहिलं तर मागे ओढल्यासारखं होतं, 'नाव काढ' म्हटलं तर ओझं. माया पोचेल आणि तिला मोकळंही वाटेल, असं शेवटी काय लिहू?