जीआरई: ‘बिकॉज’ असूनही उत्तर उलट कसं?

तन्वी: सेंटेन्स इक्विव्हॅलन्सच्या, म्हणजे सहा पर्यायांतून वाक्याला सारखाच अर्थ देणारे दोन शब्द निवडायच्या प्रश्नांच्या, सरावातलं एक वाक्य आहे. आशय असा: ‘संचालकांच्या ____ची समितीला सवय झाल्यामुळे, त्यांचं लांबलचक, रंगलेलं भाषण ऐकून सगळे चकित झाले.’ सुरुवात ‘बिकॉज’ने आहे. पर्याय: रेटिसन्स, लोक्वॅसिटी, कॅन्डर, टॅसिटर्निटी, ॲरोगन्स, गॅर्युलिटी. मी लोक्वॅसिटी आणि गॅर्युलिटी निवडले. उत्तरात रेटिसन्स आणि टॅसिटर्निटी आहेत. का?

रोहित: मलाही तुझंच बरोबर वाटतं. ‘ऑल्दो’, ‘डिस्पाइट’ असं काहीच नाही, म्हणजे दिशा सरळ. बाकी समानार्थी जोडी शोधली की काम झालं.

शब्दवेडी: रोहित, जोडी शोधणं उपयोगी आहे, पण इथे जोड्या दोन आहेत. लोक्वॅसिटी-गॅर्युलिटी ही बडबडीची आणि रेटिसन्स-टॅसिटर्निटी ही अबोलपणाची. परीक्षक मुद्दाम तसं करतात, त्यामुळे निर्णय वाक्यावरच घ्यावा लागतो. ‘बिकॉज’ सवय आणि भाषण यांना जोडत नाही. तो सवय आणि चकित होणं यांना जोडतो. ज्याची सवय झाली त्याने कुणी चकित होत नाही. म्हणजे सवय भाषणाच्या उलट गोष्टीची हवी. विरोध ‘सरप्राइज्ड’ या क्रियापदात आहे. तन्वी, पडताळून बघ: ‘कुणालाच नवल वाटलं नाही’ असं वाक्य केलं, तर तुझी जोडी अचूक बसते. कॅन्डर आणि ॲरोगन्स यांना जोडीदार नाही, ते आधीच बाद.

अमोल: माझं ‘फॉर ऑल’वर अडतं. ‘फॉर ऑल हिज एरुडिशन, ही वॉज ____ ऑफ एव्हरीडे मॅटर्स.’ मी ‘फॉर’ म्हणजे कारण धरून ‘अवेअर’ लिहिलं. आणि दोनांपैकी एक शब्द बरोबर आला तर अर्धा गुण मिळतो ना?

शब्दवेडी: नाही मिळत. दोन्ही बरोबर हवेत. दोन-तीन रिकाम्या जागांच्या टेक्स्ट कंप्लीशनलाही तोच नियम. पण चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून रिकामं सोडू नकोस. ‘फॉर ऑल’ म्हणजे ‘एवढं असूनही’. एवढा विद्वान असूनही रोजच्या गोष्टींबाबत ‘इग्नोरंट’. ‘फॉर’ एकटा कारण सांगू शकतो, ‘ऑल’ सोबत आला की तपासून बघ.

प्रभाकर: माझा आक्षेप वेगळा आहे. रेटिसन्स आणि टॅसिटर्निटी एक नाहीत. टॅसिटर्न माणूस स्वभावानेच कमी बोलतो. रेटिसंट माणूस मनातलं सांगत नाही, इतर गप्पा मारेलही.

शब्दवेडी: फरक खरा आहे, प्रभाकरजी. पण परीक्षेची अट एवढीच की दोन्ही शब्दांनी पूर्ण वाक्याचा अर्थ सारखा व्हावा. इथे तो होतो.

प्रभाकर: मला नाही पटत. क्रिकेटवर तासभर बोलणारा आणि घरच्या गोष्टींवर गप्प राहणारा संचालक रेटिसंटच. त्याच्या लांब भाषणाने समिती चकित का होईल?

तन्वी: वाक्यात भाषणाचा विषय दिलेलाच नाही.