पेट्रोलात रॉकेल: एकाच क्रूडचे, तरी का चालत नाही?

> "दोन्ही एकाच क्रूडमधून निघतात, मग पेट्रोलात थोडं रॉकेल गेलं तर बिघडतं काय?"

फरक उत्कलनाच्या पल्ल्यात आहे. क्रूड साधारण ३५० अंशांपर्यंत तापवून उंच मनोऱ्यात सोडतात. स्वयंपाकाचा गॅस माथ्याकडून निघतो, कारण त्यातला ब्युटेन शून्याच्या आसपासच उकळतो. पेट्रोलचा पल्ला साधारण ३५ ते २१० अंश, रॉकेलचा १५० ते ३००. त्याखाली डिझेल. तळाचा गाळ आणखी तापवला तर रेणूच तुटतात, म्हणून तो निर्वातात उकळवतात आणि शेवटी डांबर उरतं.

आता इंजिन बघा. रॉकेलचा जड भाग सिलिंडरमध्ये पुरता वाफ होत नाही. न जळलेले थेंब भिंतीवरचं ऑइल धुतात, खाली उतरून ते पातळ करतात. शिवाय रॉकेलचा ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली आपोआप पेट न घेण्याची क्षमता, कमी, म्हणून चढावर इंजिन ठकठक आवाज करायला लागतं.

पंपावर फिल्टर पेपर मागा, तो तुमचा हक्क आहे. नोझल पुसून एक थेंब टाका. दोन मिनिटांत उडाला, डाग राहिला नाही तर ठीक. तेलकट वर्तुळ म्हणजे जड भेसळ. मात्र नाफ्थ्यासारखं हलकं द्रव मिसळलं असेल तर तेही उडून जातं. तिथे घनता तपासूनही खात्री होत नाही, प्रयोगशाळाच लागते.