शब्दचर्चा: यकृताच्या आजारात रक्त ‘पातळ’ होतं का?

शब्दवेडी
सिरोसिसच्या रुग्णांसाठी एक माहितीपत्रक मराठीत करते आहे. मूळ मजकुरात ‘रीबॅलन्स्ड हिमोस्टॅसिस’ असा शब्द आहे. कोशाच्या आधाराने ‘पुनर्संतुलित रक्तस्तंभन’ असा जोड तयार होतो, पण तो रुग्णाच्या घरच्यांना काय कळणार? पहिल्या मसुद्यात मी ‘यकृत बिघडले की रक्त पातळ होते’ असं सरळ लिहिलं होतं. तपासणाऱ्या डॉक्टरांनी ते वाक्य खोडलं, कारण लिहिलं नाही. त्यात चूक काय, आणि मग कोणता शब्द घ्यावा?

लॅबवाला
मला तरी चूक दिसत नाही. रक्त साकळायला लागणारे बरेचसे घटक यकृतात तयार होतात. यकृत थकलं की ते घटतात, साकळायला लागणारा वेळ मोजणारी पीटी चाचणी लांबते, आणि त्या वेळेवरून काढलेला आयएनआर 1 च्या आसपास असायचा तो 1.8, 2 असा येतो. गुठळी होऊ नये म्हणून वॉर्फरिन घेणाऱ्या माणसाचाही तसाच येतो आणि त्याला आपण ‘रक्त पातळ आहे’ म्हणतोच. एका अर्थी या रुग्णांना गुठळीपासून आपोआप संरक्षण मिळालेलं असतं.

पांढरा डगला
लॅबवाले दादा, पहिला अर्धा भाग बरोबर आहे, पण शेवटचं वाक्य फार महागात पडतं. यकृत रक्त साकळवणारे घटक बनवतं तसेच साकळणं रोखणारेही बनवतं: प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटिथ्रॉम्बिन. आजारात दोन्हीकडचा पुरवठा आटतो. तराजूच्या दोन्ही पारड्यांतलं वजन कमी झालं तर दांडी आडवीच राहते. तुमची पीटी चाचणी मात्र एकाच पारड्यातलं वजन मोजते.

का, ते सांगतो. नळीत प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग घेऊन तुम्ही साकळणं सुरू करून देणारं थ्रॉम्बोप्लास्टिन आणि कॅल्शियम घालता आणि गुठळी दिसली की घड्याळ थांबवता. प्रोटीन सी नीट कामाला लागायचं तर थ्रॉम्बोमोड्युलिन लागतं. ते रक्तवाहिनीच्या अस्तरावर असतं, तुमच्या नळीत नसतं. म्हणजे रोखणारा गडी त्या परीक्षेला हजरच नसतो. 2005 मध्ये मिलानच्या त्रिपोदी आणि सहकाऱ्यांनी सिरोसिसच्या रुग्णांच्या प्लाझ्मात थ्रॉम्बोमोड्युलिन घालून गुठळी बनवणारं थ्रॉम्बिन किती तयार होतं ते मोजलं. ते निरोगी माणसांइतकंच निघालं.

वॉर्फरिनचं गणित वेगळं. तेही प्रोटीन सी आणि एस घटवतं, पण अँटिथ्रॉम्बिन शाबूत ठेवतं आणि तोल मुद्दाम एका बाजूला झुकवतं. आयएनआरचं मोजमाप वॉर्फरिन घेणाऱ्यांच्या रक्तावर बेतलेलं आहे, त्यामुळे दोघांचा आकडा 2 आला तरी अर्थ एक नाही. तुमचं वाक्य खोडलं गेलं ते बहुधा यासाठीच, शब्दवेडीताई.

लॅबवाला
नळीत थ्रॉम्बोमोड्युलिन नसतं हे पटलं. याच रुग्णांचा एकच नमुना दोन वेगळ्या थ्रॉम्बोप्लास्टिनवर लावला की आयएनआर वेगवेगळा येतो, त्याचं कारण ते वॉर्फरिनवर बेतलेलं मोजमापच असावं. पण प्लेटलेट? त्या तर 50–60 हजारांवर आलेल्या असतात. तिथे कुठला तोल?

पांढरा डगला
आयएनआरबद्दल बरोबर. प्लेटलेट फुगलेल्या प्लीहेत अडकून पडतात, शिवाय त्या तयार करायला सांगणारा थ्रॉम्बोपोएटिन यकृतातूनच येतो, तोही घटतो. पण प्लेटलेटना वाहिनीच्या भिंतीला चिकटवणारा व्हॉन विलब्रँड घटक या रुग्णांत पुष्कळ वाढलेला असतो आणि त्याला कापणारं एंझाइम कमी झालेलं असतं. घटक आठही वाढलेला असतो, कारण तो अस्तराच्या पेशींतून येतो.

कोकणकडा
मग याला आपल्याकडे शब्द आहे: पासंग! तराजूची दांडी सरळ यावी म्हणून हलक्या पारड्याला जे किरकोळ वजन लावतात ते. आठवडी बाजारातल्या जुन्या तराजूंना दोऱ्याने बांधलेला लोखंडी तुकडा असायचा.

आणि ‘रक्त गोठणे’ टाळा, त्यात थंडीने थिजल्याचा भास होतो. ‘साकळणे’ नेमकं आहे. ‘गाठ’ही नको, लोकांना कॅन्सरची भीती वाटते. ‘गुठळी’ लिहा.

नांदेडकर
शब्दाचं मला फारसं कळत नाही, पण विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. वडिलांना सिरोसिस आहे, वजन 60 किलो. आयएनआर 1.9, प्लेटलेट 62 हजार, क्रिएटिनिन नॉर्मल. पोटातलं पाणी काढायचं आहे, सातेक लिटर निघेल म्हणाले. त्याआधी प्लाझ्माच्या चार पिशव्या द्याव्या लागतील असं सांगितलंय. रक्त पातळ आहे म्हणून. बरोबर आहे ना?

पांढरा डगला
नांदेडकर, तुमच्याच आकड्यांवर बोलतो, म्हणजे डॉक्टरांना विचारायला सोपं जाईल. प्लाझ्माचा डोस किलोमागे 10 ते 15 मिली, म्हणजे 60 किलोला 600 ते 900 मिली. चार पिशव्या त्यातूनच आल्या. पण एवढं देऊनही 1.9 चा आयएनआर बहुतेकदा थोडासाच उतरतो. प्लाझ्मात दोन्ही पारड्यांचे घटक असतात, त्यामुळे तोल फारसा हलतही नाही. हलतो तो दाब. जवळजवळ लिटरभर द्रव शिरांत गेला की यकृताकडे जाणाऱ्या शिरेतला दाब वाढतो, आणि अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटतात त्या या दाबाने. रक्तस्राव टाळायला दिलेली गोष्ट रक्तस्रावाचं निमित्त होऊ शकते.

पाणी काढण्याआधी केवळ आयएनआर सुधारायला प्लाझ्मा देऊ नये, असंच यकृतरोगाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. 62 हजार प्लेटलेटही या कामाला अडत नाहीत. सोनोग्राफीने जागा बघून, पोटावरच्या शिरा चुकवून सुई घालणं जास्त मोलाचं. सात लिटरला लागतं ते अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन: लिटरमागे 6 ते 8 ग्रॅम, म्हणजे 42 ते 56 ग्रॅम. 20 टक्क्यांच्या 100 मिलीच्या बाटलीत 20 ग्रॅम असतं, तेव्हा तीन बाटल्या धरा. ‘प्लाझ्मा आयएनआरसाठी देताय की आणखी काही कारण आहे’, एवढं विचाराच. अंगावर आपोआप काळेनिळे डाग, सुईच्या जागी रक्त न थांबणं, ताप किंवा लघवी कमी होणं यातलं काही असेल तर हिशोब बदलतो.

लॅबवाला
आणि व्हिटॅमिन के? तीन दिवस इंजेक्शन देतातच की.

पांढरा डगला
पित्त साचून कावीळ झालेली असेल, खाणं तुटलं असेल किंवा बरेच दिवस अँटिबायोटिक चालू असेल तर त्या माणसात के खरंच कमी असतं. तेव्हा 10 मिलिग्रॅम शिरेतून हळूहळू देतात आणि आयएनआर एक-दोन दिवसांत उतरतो. नाही उतरला तर कमतरता के ची नव्हती, कारखानाच लहान झालाय. पुन:पुन्हा देऊन उपयोग नाही.

शब्दवेडी
म्हणजे ‘पातळ’ गेलं. ‘रक्तस्तंभनाचा नवा समतोल’ चालेल?

पांढरा डगला
‘समतोल’ ऐकून माणूस निर्धास्त होतो, म्हणून मला तो पुरता पटत नाही. निरोगी माणसाच्या दोन्ही पारड्यांत भरपूर वजन असतं, छोट्या धक्क्याने दांडी हलत नाही. इथे पारडी हलकी आहेत. जंतुसंसर्ग झाला किंवा किडनी बिघडली की दांडी कलते, आणि कुठेही कलते. रक्तस्राव होतो, तशीच यकृताकडे जाणाऱ्या पोर्टल व्हेनमध्ये किंवा पायात गुठळीही होते. म्हणून तर ‘आपोआप संरक्षण’ म्हणू नका म्हटलं. आयएनआर जास्त आहे म्हणून खाटेवर पडून असलेल्या रुग्णाला गुठळी होणार नाही, असं गृहीत धरता येत नाही.

कोकणकडा
मग ‘डळमळता तोल’?

लॅबवाला
तो आत्ता डळमळत नाहीये ना, धक्का लागला तर डळमळेल. ‘नाजूक तोल’ म्हणा.

शब्दवेडी
‘नाजूक’ने पुन्हा सगळं रक्तस्रावाकडेच झुकल्यासारखं वाटतं. सध्या असं लिहिते: ‘यकृताच्या आजारात रक्त साकळवणारे आणि साकळणे रोखणारे, असे दोन्ही घटक कमी होतात. त्यांचा तोल टिकतो, पण तो हलक्या पारड्यांचा तोल असतो. तो रक्तस्रावाकडे झुकू शकतो, तसाच गुठळीकडेही.’ मथळ्याला मात्र अजून शब्द नाही.

नांदेडकर
विचारलं. प्लाझ्मा आयएनआरसाठीच होता. वरिष्ठ डॉक्टर उद्या बघून ठरवणार आहेत, अल्ब्युमिनच्या तीन बाटल्या आणून ठेवायला सांगितल्यात.